सेल्समनमध्ये दुकानांची वाटणी: बीट आणि एरिया कसे आखायचे

किराणा, बिस्किटे, साबण, मसाले, औषधे अशा मालाची एजन्सी घेतली, दोनाचे चार सेल्समन झाले, की वाटणीचा प्रश्न येतो. बहुतेक ठिकाणी ती अशी होते: ८४० दुकाने, चार माणसे, म्हणजे प्रत्येकी २१०. यादीवर रेघा मारल्या की काम झाले. दोन महिन्यांनी एक जण दुपारी चारला घरी पोचलेला असतो आणि दुसऱ्याची शेवटची पाच गावे महिना महिना कोरडी राहिलेली असतात. मग त्या दुसऱ्याला ‘आळशी’ ठरवले जाते.

दोष माणसात नसून मापात असतो. दुकानांची संख्या हे कामाचे माप नाही, विक्रीचा आकडाही नाही. सेल्समनकडे असतात फक्त दिवसातली मिनिटे. म्हणून वाटणी मिनिटांची करायची. ती कशी, ते इथे नाशिकमधल्या एका वितरकाचे उदाहरण धरून सांगतो. उदाहरणातली दुकाने आणि मिनिटे हिशेब कळावा म्हणून घेतलेली आहेत. तुमचे आकडे तुम्हालाच मोजावे लागतील, आणि तेच करायला हा लेख आहे.

## आधी हे जमवा

- बिलिंग सॉफ्टवेअरमधून मागच्या सहा महिन्यांची ग्राहकवार बिले: दुकानाचे नाव, बिलांची संख्या, रक्कम
- ग्राहकवार उधारीची यादी, बिलाच्या तारखांसह
- प्रत्येक दुकानाचे नकाशावरचे ठिकाण, म्हणजे अक्षांश आणि रेखांश
- सध्याच्या बीटचे, म्हणजे एका दिवसात करायच्या दुकानांच्या गठ्ठ्यांचे, वेळापत्रक (काही ठिकाणी याला ‘लाइन’ म्हणतात: सोमवारची लाइन, मंगळवारची लाइन)
- डिलिव्हरी गाडीचे वार आणि मार्ग
- गुगल शीट्स किंवा एक्सेल, आणि पिना बघायला गुगल माय मॅप्स. तिथे एका थरात २,००० नोंदी चढवता येतात, त्यामुळे एका एजन्सीला ते पुरते.

विकत घेतलेले सॉफ्टवेअर लागत नाही. चार-पाच सेल्समन आणि हजारभर दुकाने असली तर शीट आणि नकाशा यांवर तीन-चार दिवसांत काम होते. त्यातले दोन दिवस यादी साफ करण्यातच जातात.

## १. यादी साफ करा

एकच दुकान दोन नावांनी असते. मालकाने जीएसटीसाठी मुलाच्या नावाने नवी फर्म काढलेली असते आणि जुने नावही यादीत तसेच असते. काही दुकाने कधीच बंद पडलेली असतात. सहा महिन्यांत एकही बिल नाही अशी नावे वेगळ्या यादीत काढा, पण पुसून टाकू नका. त्यातली काही दुकाने बंद नसतात, फक्त त्यांच्याकडे कुणी जात नसते. वाटणी झाल्यावर ज्याच्या भागात ती येतील त्याने एकदा जाऊन खात्री करायची.

ठिकाण घेण्याचा सोपा मार्ग: सेल्समनने दुकानाच्या दारात उभे राहून फोनवरच्या नकाशात बोट दाबून धरायचे आणि आलेले दोन आकडे पाठवायचे. हे काम संध्याकाळी घरी बसून पत्त्यावरून करू नका. ‘मारुती मंदिराजवळ’ असा पत्ता टाकला तर नकाशा भलत्याच मारुतीकडे नेतो.

पहिला आकडा अक्षांश, दुसरा रेखांश. नाशिकसाठी ते साधारण २० आणि ७३.८ असे येतात. दोन्ही उलटे पडले तर पिन नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसते, आणि अशी एकच पिन सगळी अंतरे बिघडवते. म्हणून प्रत्येक दुकानाचे गोदामापासूनचे अंतर काढा आणि यादी मोठ्या अंतराकडून लावा. चुकलेल्या पिना सगळ्यात वर येतात. `C` रकान्यात अक्षांश, `D` मध्ये रेखांश, `H1` आणि `H2` मध्ये गोदामाचे अक्षांश-रेखांश असतील तर सूत्र असे:

```
=2*6371*ASIN(SQRT(SIN(RADIANS(C2-$H$1)/2)^2
 +COS(RADIANS($H$1))*COS(RADIANS(C2))
 *SIN(RADIANS(D2-$H$2)/2)^2))
```

उत्तर किलोमीटरमध्ये मिळते, पण ते सरळ रेषेतले. रस्त्याचे अंतर अंदाजे काढायचे तर १.३ ने गुणा. हा गुणक शहरागणिक बदलतो, म्हणून आठ-दहा जोड्यांचे प्रत्यक्ष रस्त्याचे अंतर नकाशावर बघून तुमचा गुणक ठरवा.

## २. दुकानांचे वर्ग पाडा आणि मिनिटे मोजा

तीन वर्ग पुरतात. ‘अ’ म्हणजे होलसेलवाले आणि मोठी दुकाने, ‘ब’ म्हणजे नेहमीचे किराणा आणि मेडिकल, ‘क’ म्हणजे टपऱ्या आणि छोटी घरगुती दुकाने. पाच-सहा वर्ग पाडले तर कागदावर छान दिसतात, पण पुढच्या प्रत्येक बदलात ते सांभाळत बसावे लागतात.

वर्ग नुसत्या विक्रीवर पाडू नका. भेट किती वेळा लागते आणि एका भेटीला किती वेळ जातो, या दोन गोष्टींवर पाडा. महिन्याला मोठे बिल होणारा पण फोनवर ऑर्डर देऊन ऑनलाइन पैसे टाकणारा दुकानदार सेल्समनची फारशी मिनिटे खात नाही. उलट एखादे मध्यम दुकान असे असते की दर वेळी एक्सपायरीचा माल मोजायचा, मागच्या स्कीमचा वाद ऐकायचा आणि उधारीसाठी अर्धा तास थांबायचे.

मिनिटे ऑफिसात बसून ठरवायची नाहीत. सेल्समनला विचारले तर तो जास्त सांगतो, मालकाला विचारले तर तो कमी सांगतो. एखाद्या शांत माणसाला प्रत्येक सेल्समनबरोबर दोन-दोन दिवस पाठवा आणि वहीत फक्त दोन वेळा लिहायला सांगा: दुकानासमोर गाडी लावली ती वेळ आणि गाडी सुरू केली ती वेळ. गिऱ्हाईक आटोपेपर्यंत थांबणे, रॅक बघणे, ऑर्डर, वसुली, पावती हे सगळे त्यात आले. एका दुकानासमोर गाडी सुरू केल्यापासून पुढच्या दुकानासमोर ती लावेपर्यंत गेलेला वेळ म्हणजे ‘दोन दुकानांमधला’ वेळ. तोही त्याच वहीतून मिळतो.

आपल्या उदाहरणात असे धरू:

- ‘अ’: ६० दुकाने, आठवड्याला एक भेट, २० मिनिटे
- ‘ब’: ४०० दुकाने, आठवड्याला एक भेट, १० मिनिटे
- ‘क’: ३८० दुकाने, पंधरवड्याला एक भेट, ६ मिनिटे. आठवड्याचा हिशेब करताना अर्धी भेट, म्हणजे ३ मिनिटे.

दुकानांत उभे राहण्याचीच आठवड्याला १,२०० + ४,००० + १,१४० म्हणजे ६,३४० मिनिटे झाली. प्रवास अजून धरलेला नाही.

## ३. एका माणसाचा दिवस किती मिनिटांचा?

सेल्समन साडेनऊला गोदामावर येतो आणि साडेसहाला सुटतो. त्यातला एक तास जेवणाचा, सकाळचा अर्धा तास स्टॉक आणि स्कीम समजून घेण्यात, संध्याकाळचा अर्धा तास ऑर्डर आणि पैसे जमा करण्यात. हातात उरतात सात तास, म्हणजे ४२० मिनिटे. सहा दिवसांची २,५२०.

बीट आखताना मात्र ४०० चे लक्ष्य ठेवा आणि ४२० च्या वर कुठलाही दिवस जाऊ देऊ नका. वरची वीस मिनिटे पंक्चर, पाऊस, बंद फाटक आणि नवीन दुकान यांसाठी आहेत. ती आधीच भरून टाकली तर पहिल्याच पावसाळ्यात सगळे वेळापत्रक कोसळते.

## ४. आता जुनी वाटणी मिनिटांत मांडा

नवी वाटणी करण्याआधी सध्याची मोजून घ्या. बऱ्याचदा इतक्यानेच दुखणे कुठे आहे ते दिसते. समजा गोदाम द्वारका भागात आहे आणि चौघांना प्रत्येकी २१० दुकाने दिलेली आहेत:

| सेल्समन आणि भाग | दुकानात | दोन दुकानांमध्ये | गोदामातून जा-ये | एकूण |
|---|---|---|---|---|
| १: जुने शहर, पंचवटी | १,९१० | २६२ | १२० | २,२९२ |
| २: सिडको, सातपूर, गंगापूर रोड | १,६४० | ४२५ | २४० | २,३०५ |
| ३: नाशिकरोड, जेलरोड, देवळाली कॅम्प | १,४३० | ३८८ | २४० | २,०५८ |
| ४: सिन्नर, घोटी, त्र्यंबक, दिंडोरी, ओझर, पिंपळगाव | १,३६० | ७५० | ६०० | २,७१० |

सगळी मिनिटे आठवड्याची आहेत. चौथ्या माणसाची ओळ नीट बघा. दुकानात उभे राहण्याचा त्याचा वेळ सगळ्यांत कमी, म्हणून विक्रीही कमी, आणि तरी एकूण काम सगळ्यांत जास्त. रोज सरासरी तीस किलोमीटर जायचे आणि तितकेच यायचे, म्हणजे ५० अधिक ५० मिनिटे. सहा दिवसांत ६०० मिनिटे नुसती हमरस्त्यावर गेली. त्याचा रोजचा भार ४५२ मिनिटांचा होतो, म्हणजे दिवस ३२ मिनिटांनी फुटतो. फुटलेला दिवस तो रात्री उशिरापर्यंत थांबून भरून काढत नाही. कुणीच काढणार नाही. तो शेवटची तीन-चार दुकाने सोडतो, आणि ती दर वेळी तीच असतात.

तिसऱ्याचा दिवस ३४३ मिनिटांचा आहे. पाऊण तासापेक्षा जास्त वेळ त्याच्याकडे मोकळा आहे. दोघांकडे दुकाने मात्र सारखीच, २१०.

हे कोष्टक करताना एक गल्लत हमखास होते: ‘दोन दुकानांमध्ये’ लागणारा वेळ सगळ्यांना एकच धरला जातो. मेन रोड किंवा रविवार कारंजावर गाडी एकदा लावली की पंधरा दुकाने पायी होतात, तिथे सरासरी दीड मिनिट लागते. सिडकोत अडीच. खेड्यांत पाच, कारण मध्ये शेते आहेत. हा फरक पुसला तर सगळे कोष्टक शहराच्या बाजूने झुकते.

## ५. माणसाच्या आधी बीट आखा

इथे बहुतेक जण उलटे जातात. आधी शहराचे चार तुकडे करतात, मग प्रत्येकाला सांगतात, “तुझ्या तुकड्याचे सहा वार तू पाड.” त्यापेक्षा आधी एका दिवसाचे गठ्ठे, म्हणजे बीट तयार करा आणि मग ते गठ्ठे माणसांना द्या. बीट हा विटेसारखा असतो. भिंत नंतर बदलता येते, पण वीट तीच राहते. उद्या पाचवा माणूस आला तर सगळी यादी पुन्हा फोडावी लागत नाही, चार-पाच बीट उचलून त्याला देता येतात.

बीट आखण्याची सुरुवात गोदामापासून सगळ्यांत लांबच्या दुकानापासून करा. त्याच्या जवळचे दुकान घ्या, मग त्याच्या जवळचे, असे करत गोदामाकडे सरकत या. जा-येच्या वेळेसह बेरीज ४०० झाली की बीट बंद. मग उरलेल्यांतले सर्वांत लांबचे दुकान घेऊन पुढचे बीट. उलट, गोदामाजवळून सुरुवात केली तर जवळचे गठ्ठे सुरेख होतात आणि शेवटी लांबच्या टोकांना विखुरलेली दुकाने उरतात. तीन दुकानांसाठी घोटीला जाणे कुणालाच परवडत नाही. लांबून सुरुवात केली की उरलीसुरली दुकाने गोदामाच्या आसपासची असतात आणि ती कुठेही बसवता येतात.

नकाशावर जवळ दिसणारे प्रत्यक्षात जवळ असेलच असे नाही. गोदावरीच्या दोन काठांवरची दुकाने पिनांवर हातभर अंतरावर दिसतात, पण जायचे तर पूल गाठायला हवा. मुंबई–आग्रा महामार्ग शहराच्या मधून जातो आणि तो हवा तिथे ओलांडता येत नाही. नाशिकरोडला रेल्वेमार्ग आहे. या तिन्ही रेघा नकाशावर जाड पेनने ओढून घ्या आणि एक बीट त्यांपैकी कुठलीही रेघ एकदापेक्षा जास्त ओलांडणार नाही असे बघा. तुमच्या गावातही अशा दोन-तीन रेघा असतीलच: नदी, रूळ, घाट, एमआयडीसीची लांबलचक भिंत.

‘क’ वर्गाची दुकाने पंधरवड्याने येतात. ती दोन गटांत विभागा, एक गट पहिल्या आठवड्याला आणि दुसरा दुसऱ्याला, पण दोन्ही गट त्याच बीटच्या रस्त्यावर सारखे पसरलेले हवेत. एका आठवड्याला रस्त्याची डावी बाजू आणि पुढच्या आठवड्याला उजवी, अशी साधी विभागणीही चालते. सगळी ‘क’ दुकाने एकाच आठवड्याला टाकली तर सरासरी ४०० येते खरी, पण एक आठवडा ३६० चा आणि दुसरा ४४० चा होतो.

## ६. बीट माणसांना द्या

आता बेरीज सोपी आहे. शीटमध्ये प्रत्येक दुकानासमोर आठवड्याची मिनिटे, दुकानातली आणि दोन दुकानांमधली मिळून, एका रकान्यात (समजा `J`) आणि सेल्समनचा क्रमांक `S1`, `S2`, `S3` असा दुसऱ्यात (`K`) ठेवा:

```
=SUMIFS(J:J,K:K,"S3")
```

यात जा-येचा वेळ धरला जात नाही. तो दिवसागणिक लागतो, दुकानागणिक नाही, म्हणून वेगळा मिळवायचा. हे विसरले की बाहेरगावचा माणूस पुन्हा कागदावर हलका दिसू लागतो.

आपल्या उदाहरणात कमीत कमी उलथापालथ करून काय करता येईल? नाशिकरोड पुण्याच्या रस्त्यावर आहे आणि सिन्नर त्याच रस्त्यावर पुढे. मग सिन्नरचे बीट तिसऱ्याकडे देऊन बघू. त्यात ‘अ’ ३, ‘ब’ १४ आणि ‘क’ १६ अशी ३३ दुकाने आहेत. दुकानात ६० + १४० + ४८ म्हणजे २४८ मिनिटे. आठवड्याच्या २५ भेटी, गाव दाट असल्याने मध्ये प्रत्येकी ३, म्हणजे ७५. जा-ये ९०. एकूण ४१३ मिनिटे. एका दिवसात बसते.

तिसऱ्याला यासाठी एक वार रिकामा करावा लागेल. त्याची सहा बीट पाचांत बसवायची. एका दिवसाची जा-ये वाचते, ४० मिनिटे, म्हणून २,०५८ चे २,०१८ होतात, रोजचे ४०४. त्यात सिन्नरचे ४१३ मिळवले की आठवडा २,४३१ चा.

चौथ्याचे २,७१० मधून ४१३ गेले, उरले २,२९७. पण थांबा, हे पाच दिवसांचे आहेत, रोजचे ४५९. सहावा वार मोकळा झाला आहे तो वापरून ती पाच बीट सहा दिवसांवर पसरायची, उदाहरणार्थ ओझर आणि पिंपळगाव मिळून तीन दिवस करायचे. एक दिवस वाढला की एक जा-ये वाढते, १०० मिनिटे. आठवडा २,३९७ चा, रोजचे साधारण ४००.

चौघांचे आकडे आता २,२९२, २,३०५, २,४३१ आणि २,३९७. सरासरी २,३५६ आणि कुणीही तिच्यापासून चार टक्क्यांपेक्षा जास्त दूर नाही. दहा टक्क्यांच्या आत असले तरी वाटणी चांगली समजा. त्याहून बारीक करण्यात अर्थ नाही, कारण मोजलेल्या मिनिटांतच तेवढा कमी-जास्तपणा असतो. दुकाने आता २१०, २१०, २४३ आणि १७७ आहेत. आकडे विषम आणि काम सम. मालकाला हेच पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

एक गोष्ट लपवू नका: चौघांचे मिळून काम ९,३६५ वरून ९,४२५ मिनिटे झाले. वाटणी समान करताना एकूण प्रवास थोडा वाढू शकतो. इथे आठवड्याला एक तास वाढला आणि त्या बदल्यात चौथ्याची रोज सुटणारी दुकाने परत मिळाली.

### किलोमीटरचे काय?

मिनिटे जुळली तरी किलोमीटर जुळले नाहीत. चौथा अजूनही सहाही दिवस बाहेरगावी जातो, हमरस्त्यावरचेच आठवड्याला साडेतीनशेच्या वर किलोमीटर, जुलैच्या पावसातसुद्धा दुचाकीवर. पहिला माणूस मात्र दिवसभर पायी. पेट्रोलचे पैसे किलोमीटरवर दिले तरी पाठीचे दुखणे भरून निघत नाही. अशी बाहेरगावची जागा वर्षा-दीड वर्षात रिकामी होते आणि नव्या माणसाला तिथली दुकाने पुन्हा पहिल्यापासून ओळखावी लागतात.

यावरचा उपाय म्हणजे ‘शहर’ आणि ‘बाहेरगाव’ असे तुकडे न करता भाकरीच्या चतकोरांसारखे तुकडे पाडणे. टोक गोदामाकडे, रुंद बाजू बाहेर. नाशिकची रचना याला सोयीची आहे, कारण रस्ते शहरातून चहूकडे फुटतात. पंचवटी बघणारा दिंडोरी रोडने दिंडोरी घेईल. सातपूर-सिडकोवाला त्र्यंबक आणि मुंबई महामार्गावरची घोटी-इगतपुरी घेईल. नाशिकरोडवाला सिन्नर. चौथ्याला आडगावकडचा शहराचा भाग आणि पुढे त्याच रस्त्यावरचे ओझर, पिंपळगाव. सहा-सात बाहेरगावचे दिवस चौघांत वाटले जातात, प्रत्येकाला एक किंवा दोन. जवळची दाट दुकाने आणि लांबची विरळ दुकाने दोन्ही प्रत्येकाच्या वाट्याला येतात, त्यामुळे मिनिटे, किलोमीटर आणि विक्री तिन्ही एकदम जवळ येतात.

मग सरळ हेच का नाही करायचे? कारण यात शेकडो दुकानांचा सेल्समन एकदम बदलतो. एजन्सी नवी असेल, किंवा नवा माणूस घेताना तशीही फोडाफोड होणारच असेल, तर चतकोरच पाडा. माणसे जुनी असतील, उधारी त्यांच्या ओळखीवर फिरत असेल, तर सिन्नरसारखी एक-दोन बीट हलवा आणि बाकीची दर सहा महिन्यांनी थोडी थोडी. बाहेरगावच्या माणसाचे दुकानदारांशी घरोब्याचे संबंध असतात. ते एका दिवसात मोडून शहरातल्या माणसाला मिळत नाहीत.

## ७. वार ठरवताना गाडी विसरू नका

आज घेतलेली ऑर्डर उद्या गाडीने जाते. सोमवारी चार सेल्समन चार दिशांना गेले तर मंगळवारी गाडीलाही चार दिशांना जावे लागते. म्हणून वार ठरवताना शेजारशेजारची बीट एकाच वारी किंवा लागोपाठच्या वारी टाका: तिसरा सिन्नरला ज्या दिवशी जातो त्याच्या आसपास नाशिकरोड-जेलरोडची बीट असावीत, दिंडोरी आणि पंचवटीची पेठ रोडकडची बाजू एकत्र असावी. सेल्समनची मिनिटे यात बदलत नाहीत, पण डिझेल आणि ड्रायव्हरचा वेळ मात्र बराच वाचतो.

आठवडी बाजाराचा दिवस गावोगाव विचारून घ्या. बाजाराच्या दिवशी दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो, तुमची दहाची वीस मिनिटे होतात. ऑर्डर बाजाराच्या दोन दिवस आधी घेतली की माल वेळेवर पोचतो, आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गल्ल्यात पैसे असतात, तेव्हा वसुली होते. दोन्ही साधता आले नाही तर ऑर्डरचा वार साधा. बाजारपेठेची साप्ताहिक सुट्टीही तपासा. भागागणिक ती वेगळी असते आणि सुट्टीच्या वारी पडलेले बीट म्हणजे वाया गेलेला दिवस.

## ८. दुकान एकाकडून दुसऱ्याकडे देताना

नवा सेल्समन दुकानात गेला की पहिले वाक्य ठरलेले: “आधीचे भाऊ स्कीम देतो म्हणाले होते, ती आली नाही अजून.” दुसरे वाक्य: “ते बिल मी त्यांच्याकडे दिलं होतं.” दोन्ही कधी खरी असतात, कधी नसतात, आणि नव्या माणसाला ते कळायचा मार्ग नसतो.

म्हणून हलणाऱ्या प्रत्येक दुकानासाठी एक ओळ लिहून घ्या: बाकी किती आणि कुठल्या बिलांची, कबूल केलेली पण न दिलेली स्कीम, परत घ्यायचा खराब माल, चेक पुढच्या तारखेचा असेल तर त्याची तारीख. जुन्या आणि नव्या दोघांनी त्यावर सही करायची. ‘अ’ आणि ‘ब’ दुकानांत दोघांनी एकदा बरोबर जायचे आणि बाकीची रक्कम दुकानदारासमोर वाचून दाखवायची. सिन्नरच्या १७ दुकानांसाठी हे एका दिवसाचे काम आहे. ‘क’ साठी फोन पुरतो.

पगारातला इन्सेंटिव्ह विक्रीवर असेल तर दुकान हलवण्याआधी त्या दुकानाची मागच्या सहा महिन्यांची सरासरी विक्री एकाच्या टार्गेटमधून वजा आणि दुसऱ्याच्या टार्गेटमध्ये जमा करा. हे आधी न सांगता बीट हलवले तर चांगला सेल्समन ते शिक्षा समजतो, आणि त्याचे चुकतही नाही.

## ९. चार आठवड्यांनी काय बघायचे

प्रत्येक बीटमधली दुकाने भेटीच्या क्रमाने लावा आणि शेवटच्या दहा दुकानांकडे बघा. पहिल्या दहांत ठरलेल्या भेटींपैकी जवळजवळ सगळ्या होत असतील आणि शेवटच्या दहांत निम्म्याच, तर बीट लांब झाले आहे. माणूस कामचुकार असता तर दांड्या सगळीकडे विखुरलेल्या दिसल्या असत्या. बीट लांब असले की त्या शेपटाला साचतात.

दुसरी खूण बिलांच्या वेळेत सापडते. दुकानात उभे राहून घेतलेल्या ऑर्डरींमध्ये आठ-दहा मिनिटांचे अंतर असते. पाचनंतर पाच मिनिटांत सहा ऑर्डरी पडलेल्या दिसल्या तर त्या फोनवर घेतलेल्या असतात. आणि एखाद्याची शेवटची ऑर्डर रोज साडेतीनच्या आत पडत असेल तर त्याचे बीट तोकडे आहे, किंवा तिथली ‘ब’ दुकाने प्रत्यक्षात दहाऐवजी सहा मिनिटांची आहेत. अशा वेळी आधी मिनिटे पुन्हा मोजा, मग दुकाने वाढवा.

सापडलेला फरक शेजारच्या दोन बीटांमधली पाच-सहा दुकाने इकडची तिकडे करून मिटतो. सरहद्दीवरची दुकाने हलवा, मधली नको. त्यानंतर सहा महिने काही बदलू नका. दर महिन्याला एखादे दुकान इकडे, एखादे तिकडे होऊ लागले की दुकानदारालाच कळेनासे होते की आपला सेल्समन कोण, आणि तो ऑर्डर शेजारच्या होलसेलवाल्याकडे टाकायला लागतो.

पाचवा माणूस कधी घ्यायचा, हेही याच कोष्टकावरून ठरते. चौघांची सरासरी आठवड्याला २,५२० च्या वर गेली आणि दोन महिने वरच राहिली, तर वाटणी बदलून काही साधणार नाही. त्याआधी एकदा ‘ब’ वर्गाची यादी काढा. त्यातली ज्यांची बिले महिन्यातून दोनच होतात अशी ४० दुकाने पंधरवड्यावर नेली तर आठवड्याला २० भेटी कमी होतात. दुकानातली २०० मिनिटे आणि मधली ५० ते १०० मिनिटे मोकळी होतात. एका माणसाच्या दिवसाच्या निम्म्याहून जास्त वेळ एवढ्यानेच सुटतो.